काठी कुठून आली? चार क्लिपांतून एक निवडण्याचा हिशेब

मर्दानी खेळावर आधारलेल्या आमच्या छोट्या गेमचा नमुना घेऊन मी मंगळवार पेठेतल्या एका तालमीत गेलो होतो. वस्तादांनी लॅपटॉपच्या पडद्यावर दोन गडी काठी खेळताना पाहिले. समोरच्याने काठी आडवी फिरवली, ती आपल्या गड्याच्या उजव्या बरगडीत बसली आणि गड्याने मान मागे टाकून दोन पावलं माघार घेतली. वस्ताद म्हणाले, "थांब. परत दाव बघू." मी परत दाखवलं. "काठी बरगडीत बसली आन् मान मागं गेली? असं कुठं अस्तंय व्हय? बरगडीत बसली की माणूस तिकडं वाकतोय, दुमडतोय. ह्येला छातीत ढकलल्यासारखं व्हालंय."

कोडमध्ये चूक काय आहे, ते मला घरी येऊन अर्धा तास बसल्यावर समजलं. मी गड्याला 'मारणारा कुठे आहे' हे विचारत होतो. विचारायला हवं होतं 'मार कुठून आला'. हे दोन प्रश्न एकच वाटतात, आणि पुष्कळदा त्यांचं उत्तरही एकच येतं, म्हणूनच ही चूक लवकर दिसत नाही.

आधी चार क्लिप म्हणजे काय ते सांगतो. गेममधल्या पात्राला फटका बसला की त्याच्या अंगाने काहीतरी करायला हवं, नाहीतर दगडाला मारल्यासारखं वाटतं. त्यासाठी अ‍ॅनिमेटर छोट्या हालचाली तयार करून ठेवतो. छोट्या गेमांत बहुधा चारच असतात: समोरून फटका, मागून फटका, डावीकडून फटका, उजवीकडून फटका. आमच्या प्रत्येक क्लिपच्या साधारण 20 फ्रेम आहेत, म्हणजे एका सेकंदापेक्षा कमी वेळ. फटका कुठल्याही बाजूने येऊ शकतो, 360 अंशांपैकी कुठूनही. त्या सगळ्या दिशा चार खणांत वाटायच्या आणि ज्या खणात फटका पडला त्याची क्लिप लावायची, एवढंच काम आहे.

इथे नावांबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो, कारण आमचा एक पूर्ण दिवस तिच्यात गेला. क्लिपचं नाव `HitLeft` असेल तर त्याचा अर्थ काय? फटका डावीकडून आला, की अंग डावीकडे गेलं? आमच्या अ‍ॅनिमेटरला दुसरा अर्थ अभिप्रेत होता, मी पहिला धरला. दोघेही बरोबर होतो आणि गडी मात्र काठी जिकडून आली तिकडेच सरकत होता. तेव्हापासून आम्ही नाव `HitFromLeft` असंच ठेवतो. शिवाय 'डावीकडे' म्हणजे गड्याच्या डावीकडे, पडद्याच्या नव्हे. पात्र कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं असेल तर त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे दिसतो.

आता मूळ प्रश्न: मार कुठून आला हे कशावरून ठरवायचं? हाताशी तीन गोष्टी असतात. मारणाऱ्याची जागा, काठी अंगाला जिथे टेकली तो बिंदू, आणि टेकण्याच्या क्षणी काठी ज्या दिशेने चालली होती ती वाट. मी पहिली वापरत होतो. धक्का, लाथ, भाल्याचा सरळ वार, यांत मारणारा जिथे आहे तिथूनच मार येतो, म्हणून ती चालून जाते. पण आडव्या फिरणाऱ्या हत्यारात मारणारा समोर आणि मार बाजूने, असंच बहुतेक वेळा होतं. काठी, गदगा, दांडपट्टा ही सगळी फिरवायची हत्यारं. मर्दानी खेळाच्या गेममध्ये मारणाऱ्याच्या जागेवर विसंबलं तर जवळजवळ प्रत्येक वाराला समोरचीच क्लिप लागते. आमचं तेच होत होतं. डावी-उजवी क्लिप आम्ही करून घेतल्या होत्या, पण त्या क्वचितच वाजत होत्या, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

टेकण्याचा बिंदू यापेक्षा बरा, पण त्याची एक खोड आहे. गेमच्या हिशेबात पात्राचं अंग म्हणजे बहुधा उभ्या कॅप्सूलसारखा एक साधा आकार असतो. काठी पुढून वळून येताना त्या आकाराला कुठे आधी शिवेल ते काठीच्या लांबीवर आणि त्या फ्रेमच्या नशिबावर अवलंबून असतं. म्हणून फिरत्या हत्यारासाठी मी तिसरी गोष्ट घेतो, काठीच्या टोकाची वाट. टोक मागच्या फ्रेममध्ये कुठे होतं आणि या फ्रेममध्ये कुठे आहे, या दोन जागांतला फरक म्हणजे ती वाट. आणि ती उलटी केली की मिळतं ते 'कुठून आला'. हे उलटं करणं विसरलं तर समोरचा मार मागून आणि डावीकडचा उजवीकडून दिसतो. सगळंच्या सगळं नेमकं उलट दिसायला लागलं की पहिला संशय या वजा चिन्हावर घ्यावा.

दिशा हातात आली. आता ती गड्याच्या तोंडाच्या मानाने कुठे पडते ते पाहायचं. तालमीतल्या हौद्यात उभं राहिल्याची कल्पना करा. लाल मातीत टाचेने एक रेघ ओढा, तुमच्या पायांतून सरळ तुमच्या नाकासमोर जाणारी. दुसरी रेघ तिला आडवी, डाव्या हाताकडून उजव्या हाताकडे. झाली फुली. आता एक काठी अशी आडवी टाका की तिचं एक टोक फुलीच्या मध्यावर असेल आणि दुसरं टोक मार जिकडून आला तिकडे. त्या दुसऱ्या टोकापासून नाकाच्या रेघेवर काटकोनात माप टाका: पुढे किती आलं? मग आडव्या रेघेवर टाका: उजवीकडे किती आलं? मागे किंवा डावीकडे गेलं तर उणे. या दोन मापांतच सगळं उत्तर आहे. आडव्यापेक्षा नाकाच्या रेघेवरचं माप मोठं असेल तर मार समोरून किंवा मागून, आणि ते अधिक की उणे यावर त्यातलं कुठलं ते ठरतं. आडवं मोठं असेल तर उजवीकडून किंवा डावीकडून. दोन्ही मापं सारखी असतील तर काठी नेमकी 45 अंशांवर आहे, म्हणजे दोन खणांच्या बांधावर.

गणितात या मापाला डॉट प्रॉडक्ट म्हणतात. अनेक जण इथे थेट कोन काढायला धावतात आणि मग 'उणे 45 ते 45 समोर, 45 ते 135 उजवीकडे' अशा अटी लिहितात. त्यानेही येतं. पण मागचा खण 135 पासून 180 पर्यंत आणि तिकडून उणे 180 पासून उणे 135 पर्यंत असा दोन तुकड्यांत पडतो, आणि त्यातला एक तुकडा लिहायचा राहून गेला की मागून आलेले अर्धे वार भलत्याच क्लिपवर जातात. दोन मापांच्या तुलनेत हा सांधाच येत नाही.

त्या दिवशीचाच वार आकड्यांत पाहू. आम्ही युनिटी वापरतो. तिथे `y` म्हणजे उंची आणि जमिनीवर `x` आणि `z`. गडी उभा आहे `(4, 0, 6)` वर आणि `z` च्या दिशेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे 30 अंश वळलेला आहे. मग त्याची नाकाची दिशा `(0.5, 0, 0.866)` आणि उजव्या हाताची दिशा `(0.866, 0, -0.5)`. मारणारा आहे `(5.2, 0, 7.8)` वर.

माझ्या जुन्या पद्धतीने: गड्यापासून मारणाऱ्याकडे जाणारी दिशा `(1.2, 0, 1.8)`. नाकाच्या रेघेवरचं माप 1.2 गुणिले 0.5 अधिक 1.8 गुणिले 0.866, म्हणजे 2.16. आडवं माप 1.2 गुणिले 0.866 वजा 1.8 गुणिले 0.5, म्हणजे 0.14. मारणारा नाकासमोरून जेमतेम 4 अंश बाजूला. उत्तर: समोरून. गड्याने मान मागे टाकली ती यामुळे.

आता काठीचं टोक पाहू. मागच्या फ्रेममध्ये ते `(4.80, 1.35, 5.85)` वर होतं, टेकलं तेव्हा `(4.40, 1.25, 6.00)` वर. वाट झाली `(-0.40, -0.10, 0.15)`. ती उलटी केली: `(0.40, 0.10, -0.15)`. उंचीचा आकडा शून्य केला: `(0.40, 0, -0.15)`. नाकाच्या रेघेवरचं माप 0.20 वजा 0.13, म्हणजे 0.07. आडवं माप 0.346 अधिक 0.075, म्हणजे 0.42. आडवं सहापट मोठं आणि अधिक, म्हणजे उजवीकडून. कोनात बोलायचं तर नाकापासून उजवीकडे सुमारे 81 अंश. तोच वार, तीच जागा, तोच मारणारा. फक्त प्रश्न बदलला आणि उत्तर वस्तादांच्या डोळ्याला पटेल असं आलं.

उंचीचा आकडा शून्य का करायचा? पन्हाळ्याच्या पायऱ्यांसारखी जागा डोळ्यासमोर आणा. मारणारा चार पायऱ्या वर आहे आणि काठी तिरकी खाली येते. आपल्याला फक्त जमिनीवरून पाहिलेली दिशा हवी आहे, उंचीचा चारही खणांशी संबंध नाही. वरच्या दोन मापांत, गडी सरळ उभा असेल तर, उंची आपोआप गळून पडते, कारण त्याच्या नाकाच्या आणि हाताच्या दिशेत उंचीचा भाग शून्यच असतो. पण तुम्ही `Vector3.SignedAngle` ने कोन काढत असाल तर ती गळत नाही. ते फंक्शन दोन दिशांमधला त्रिमितीतला कोन काढतं आणि दिलेला अक्ष फक्त अधिक-उणे ठरवायला वापरतं. तिरक्या वाराला मग कोन भलताच येतो आणि सपाट मैदानावर सगळं ठीक चालणारा गेम पायऱ्यांवर चुकतो.

उंची काढून टाकल्यावर एक नवी अडचण उभी राहते, आणि ती खरी गमतीची आहे. डोक्यावर सरळ उभा वार आला तर? काठीची वाट जवळजवळ सगळी खाली जाणारी. उंची काढली की हातात उरतो तो एखाद-दुसरा सेंटिमीटर, आणि तो कुठल्याही बाजूला असू शकतो. त्यावरून क्लिप निवडली तर तोच उभा वार एकदा डावीकडून, एकदा मागून असा दिसेल. आणि उरलेला भाग पूर्ण शून्य असेल तर दोन्ही मापं शून्य, आणि शून्याची शून्याशी तुलना होऊन 'समोरून' ठरतं, मारणारा पाठीमागे असला तरी. म्हणून मी एक अट ठेवली आहे. जमिनीवरचा भाग पूर्ण वाटेच्या 0.3 पटीहून कमी असेल तर वाटेवर विश्वास ठेवायचा नाही, तेव्हा मारणाऱ्याची जागा घ्यायची. डोक्यावरच्या वाराला ती खरोखरच योग्य आहे. समोरच्याने डोक्यावर हाणलं तर माणूस मागेच जातो. 0.3 हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, आमच्या काठीच्या क्लिप पाहून ठरवलेला आहे. तुमचं हत्यार वेगळं असेल तर तो बदलावा लागेल.

हे सगळं कोडमध्ये एवढंच होतं:

```csharp
string PickHit(Vector3 travel, Vector3 attackerPos)
{
    Vector3 from = -travel;
    from.y = 0f;
    if (from.magnitude < 0.3f * travel.magnitude)
        from = attackerPos - transform.position;

    float f = Vector3.Dot(from, transform.forward);
    float r = Vector3.Dot(from, transform.right);

    if (Mathf.Abs(f) >= Mathf.Abs(r))
        return f >= 0f ? "HitFromFront" : "HitFromBack";
    return r >= 0f ? "HitFromRight" : "HitFromLeft";
}
```

बाण किंवा गोफणीचा दगड असेल तर `travel` च्या जागी त्याचा वेग द्यायचा. पण कधीचा वेग? दगड अंगाला लागून उसळतो, आणि `OnCollisionEnter` चालतं तेव्हा युनिटीने टकरीचा हिशेब आधीच केलेला असतो. तिथे वाचलेला वेग हा उसळल्यानंतरचा. मग समोरून लागलेल्या दगडाला गडी पाठीत लागल्यासारखा पुढे झुकतो. उपाय साधा आहे: प्रत्येक `FixedUpdate` मध्ये दगडाचा वेग बाजूला लिहून ठेवायचा आणि टक्कर झाल्यावर तो जुना वेग वापरायचा. स्फोट झाला तर वाट नसतेच, तिथे स्फोटाचा मध्य हेच 'कुठून' असतं.

मार कुठून आला हे ठरलं, पण गड्याचं तोंड कुठे आहे, हेही दिसतं तितकं सरळ नाही. पट्टा चालवणारा कमरेतून वळतो. पाय एकीकडे, छाती दुसरीकडे, नजर तिसरीकडे. कोडमधलं `transform.forward` म्हणजे पात्राच्या मुळाची दिशा. कमरेचा पीळ त्यात येत नाही, तो नुसता हाडांच्या हालचालीत असतो. आमच्या क्लिप पूर्ण अंगाच्या आहेत. त्या लागल्या की पीळ सुटतो आणि सगळं अंग मुळाच्या दिशेला येतं, म्हणून मुळाचीच दिशा धरणं बरोबर ठरतं. पण काही गेममध्ये प्रतिक्रिया चालू हालचालीवर वरून चढवलेली असते: पाय धावतच राहतात, फक्त धड हलतं. तिथे धडाचं हाड ज्या दिशेला आहे ती धरावी, नाहीतर 60 अंश पिळलेल्या गड्याला छातीतला मार बाजूचा वाटेल. हाडाचा कुठला अक्ष पुढे आहे ते मात्र मॉडेल बनवणाऱ्यावर असतं, ते आधी तपासा.

आता बांधावरचे वार. काठी 44 अंशांवरून आली तर समोरची क्लिप, 46 वरून आली तर उजवीकडची. एकेकट्या वारात हे कुणाच्या लक्षात येत नाही. पण मर्दानी खेळात वारांची सर असते, सेकंदात दोन-तीन. तिन्ही वार 45 च्या आसपास आले की गडी मागे, बाजूला, परत मागे असा थरथरतो. त्यासाठी मी खणांना थोडी चिकटण्याची सवय लावली आहे. शेवटची क्लिप लागून अर्धा सेकंद झाला नसेल तर तिच्या खणाची हद्द दोन्ही बाजूंना 10 अंशांनी वाढवायची. समोरची क्लिप नुकतीच लागली असेल तर 55 अंशांपर्यंतचा वारही समोरचाच मानायचा. त्या अर्ध्या सेकंदात थोडी अचूकता जाते, पण डोळ्याला एकाच बाजूने रेटा आल्यासारखं दिसतं, आणि मला ते जास्त खरं वाटतं.

दोन क्लिप मिसळून हा प्रश्न सुटेल असं आम्हालाही वाटलं होतं. 45 अंशांवर अर्धी समोरची, अर्धी उजवीकडची. पूर्ण अंगाच्या क्लिपांत त्याने मऊ, पाय घसरणारं काहीतरी तयार झालं. एका क्लिपमध्ये डावा पाय उचललेला, दुसरीत उजवा, मिसळल्यावर दोन्ही अर्धवट. वरून चढवलेल्या लहान धडाच्या हालचालींत मिसळणं चालतं. पूर्ण अंगाच्या क्लिपांत एकच निवडावी. चार क्लिपांत वार आणि क्लिप यांच्या दिशेत जास्तीत जास्त 45 अंशांचा फरक राहतो, आठ केल्या तर 22.5. आम्ही आठ केल्या नाहीत. त्याऐवजी क्लिप सुरू होताना गड्याला उरलेल्या फरकातले थोडे अंश वळवतो, 20 पेक्षा जास्त नाही. वार उजवीकडून 70 अंशांवरून आला असेल तर उजवीकडची क्लिप 90 साठी बनलेली आहे, म्हणून गडी 20 अंश डावीकडे वळतो आणि वार त्याच्या मानाने बरोबर 90 वर येतो. हे वळणं पहिल्या चार-पाच फ्रेममध्ये, फटक्याच्या झटक्यातच उरकलं की वेगळं दिसत नाही.

तपासणी कशी करायची ते सांगतो, कारण बहुतेक जण ती अर्धीच करतात. गड्याला मध्ये उभा करायचा आणि चहूबाजूंनी मारून पाहायचं, इथवर सगळे करतात. पण गडी `z` च्या दिशेला तोंड करून उभा असतो तेव्हा जगाची दिशा आणि त्याची स्वतःची दिशा एकच असते. कोडमध्ये चुकून `transform.forward` ऐवजी `Vector3.forward` लिहिलं असेल तरी सगळं बरोबर दिसतं. म्हणून गड्याला 90 अंश वळवून परत चार वार करायचे, मग 180 वर परत. वळवल्यावरच बिघडलं तर जगाची दिशा कुठेतरी घुसली आहे. समोर-मागे ठीक पण डावं-उजवं उलट असेल तर क्लिपची नावं तपासा. सगळे वार समोरूनच दाखवत असेल तर बहुधा दिशा शून्य येते आहे. टोकाची मागची आणि आताची जागा चुकून एकच दिली गेली असेल तर असं होतं. आणि वार होताच गड्याच्या छातीपासून `Debug.DrawRay` ने दोन रेघा दोन सेकंद काढून ठेवा, निळी नाकाची आणि लाल 'कुठून'ची. त्या दोन रेघांमुळे निम्मा शोध वाचतो.

तालमीत दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या रेघा मी चालूच ठेवल्या होत्या. वस्तादांनी आडवा वार पाहिला, उभा पाहिला, मग विचारलं, "ही लाल रेघ कशाची?" मी सांगितलं. त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली, माझ्यासमोर उभे राहिले आणि अगदी सावकाश माझ्या उजव्या गुडघ्याशी नेऊन थांबवली. "आन् हितं बसली तर?" ती जागा आमच्या हिशेबात अजून नव्हती. दिशा उजवीकडचीच येते, पण गुडघ्यात मार बसलेला माणूस बरगडी दुमडत नाही, त्याचा पाय जातो. आता टेकण्याच्या बिंदूची उंची कमरेखाली असली की या चारांकडे न जाता पाय लचकण्याची वेगळी क्लिप लावतो, आणि ती अ‍ॅनिमेटरने त्याच तालमीत वस्तादांना पाहत बनवली.